सुईची हूल

माणसानं भ्यावं गर्दीला, तो भितो सुईला. याचं मला अजून हसू येतं, पण हसायचा हक्क मला नाही. त्या आयतवारी सावरटेकच्या जत्रेत सुईच्या तंबूला वळसा घालून जे लोक तुरीच्या वावरातून चोरासारखे वाकून निघाले, त्यांत सगळ्यात पुढं मीच होते. कडेवर अकरा महिन्यांची वच्छला, लाल कुंची घातलेली, आणि मागं धापा टाकत माझी सासू सत्यभामाबाई.

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं आणि आमचा वऱ्हाड सी. पी.ला, म्हणजे मध्य प्रांताला, जोडलेला होता. सावरटेकची जत्रा पौषातली, परतवाड्याच्या पलीकडं, सातपुड्याच्या अगदी पायाशी. टेकडीवर भैरोबा, खाली ओढा, आणि मध्ये महिनाभर वसणारं बैलबंड्यांचं गाव. आम्ही चांदूर बाजाराकडचे माळी. भैरोबाला गोवऱ्यांत भाजलेल्या रोडग्याचा नैवेद्य, रोडग्याला वांग्याची भाजी, आणि वांगी आमची. म्हणून आम्ही आधी दुकानदार अन् मग भाविक. बुधवारीच येऊन ओढ्याच्या अलीकडं जागा धरली होती. पैशेवाल्यांच्या राहुट्या असत. आमचं बिऱ्हाड म्हणजे सोडलेली बंडी, तिच्या दोन्ही अंगांना लटकवलेली पोती, आणि खाली कडब्याचं अंथरूण. जे शनिवारी आले त्यांना ओढ्यापलीकडच्या दगडांत उतरावं लागलं. जत्रेत उशिरा येणाऱ्याला देवही उरलेलंच देतो.

मागच्या साली दुसऱ्या एका जत्रेत हैजा, म्हणजे पटकी, लागला होता. माणसं घरी पोचायच्या आधी रस्त्यातच गेली होती. म्हणून या साली सरकारनं देवळाच्या वाटेवर, पोलीस चौकीच्या मागं, एक पांढरा तंबू ठोकला होता. तिथं हैजाची सुई टोचत. विहिरीत लाल औषध टाकत. लोकांना ते लाल पाणी नको होतं, म्हणून बाया ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून पाणी भरत. तंबूतला ओमप्रकाश कंपाउंडर दिवसभर दारात उभा राहून ओरडे, "आओ माय, आओ काका, चिमटीएवढं दुखते!" आणि लोक लांबून हात जोडून निघून जात. कोणी म्हणे सुई टोचली की हात गळून पडतो. कोणी म्हणे बाई वांझ होते. मी म्हणे काही नाही, पण वळसा मात्र बरोबर घेई.

आमच्या घरचे, म्हणजे वच्छलेचे बाप, शांत माणूस. ते आदल्या दिवशी आईला म्हणाले होते, "माय, मंगळवारी जाऊ. नाईतर सकाळी तांबडं फुटल्यावर. आयतवारी दुपारी त्या पायऱ्यांवर मुंगीले जागा नसते."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. "पोट्टी जन्मली तवा ताप उतरत नोता, तवा म्या भैरोबाले काय म्हनलं? पौषातल्या दुसऱ्या आयतवारी, नैवेद्याच्या आरतीले तिले तुह्या पायावर घालीन. देवाले दिलेला वायदा मंगळवारी फेडू का? तो काय बाजारचा अडत्या हाय?"

"देव समजून घेते, माय."

"तुमी समजून घ्या. देवाले कामं आहेत."

यावर बोलणं संपलं. दुसऱ्या दिवशी ते वांग्यांच्या ढिगाजवळ बसले आणि आम्ही निघालो.

सावरटेकच्या पायऱ्या खडकात कोरलेल्या, शंभराच्या आसपास. एका बाजूला सरळ उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल उतार, आणि उताराच्या कडेनं रोवलेल्या लाकडी बल्ल्या. वर जायची वाट तीच, खाली यायचीही तीच. पायथ्याशी दोन शिपाई काठी आडवी धरून उभे राहत, वीस-पंचवीस माणसं सोडत, तेवढी खाली आली की पुढची सोडत. इतर दिवशी हे ठीक चाले. त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा काठी दिसत होती, शिपाई दिसत नव्हते. मग दिसले, ते स्वतःच गर्दीत सापडून तिसऱ्या पायरीवर गेले होते.

मी म्हणाले, "आत्याबाई, थांबू थोडं. ओसरू द्या."

"आरतीची येळ झाली. तू पोट्टीले घट धर अन् चाल."

मी पोरीला छातीशी धरलं आणि चालले. खरं सांगायचं तर पायरी चढायला मला पाय उचलावाच लागला नाही. मागच्यांनी उचललं. अर्ध्या चढापर्यंत असं गेलो आणि मग सगळं एकदम थांबलं. वर नगाऱ्याचा आवाज झाला. नैवेद्यासाठी देवळाचं दार लावलं होतं. आत होते ते आत, ज्यांचं दर्शन झालं होतं ते दाराबाहेरच्या चौथऱ्यावर, आणि खाली उतरायला त्यांना वाटच नाही, कारण वाटेवर आम्ही. आम्हाला वर जायला जागा नाही. आणि मागून लोक येतच होते. त्यांना काय माहीत वर दार लागलं ते? त्यांना नगारा ऐकू आला आणि वाटलं आरती सुरू झाली, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला.

आधी मला राग आला. कोणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत होतं, कोणाच्या तरी पागोट्याचं टोक डोळ्यात. मी शिव्या दिल्या. बाजारात बसणाऱ्या बाईला शिव्या येतात, मला तर चांगल्याच येत. मग शिव्या द्यायलाही श्वास पुरेना. तेव्हा राग गेला आणि भीती आली. श्वास बाहेर सोडला की तेवढीच जागा कमी होई, आणि ती जागा परत मिळत नसे. कुंचीच्या आत वच्छलेचं तोंड लाल झालं होतं. ती रडत होती, मग रडायची थांबली. रडणारं लेकरू बरं असतं. न रडणाऱ्याचं भेव वाटतं.

माझ्या खालच्या पायरीवर एक उंच माणूस होता, खांद्यावर घोंगडी, गुराखी असावा. तो ओरडला, "अवो बाई, लेकराले वर काढ! छातीशी धरशीन त मरन ते! वर धर, अन् दे मले!"

"तुमाले? तुमी कोन?"

"मी कोन हे इचारून राहिली का? दे! मागं पोचवू, हातोहात!"

मी वच्छलेला डोक्यावर उचललं. तिनं मोठा श्वास घेतला आणि टाहो फोडला. तो टाहो ऐकून मला रडू आलं. खालच्या पायरीवरचे दोन हात वर आले, मग त्याच्या खालचे दोन. "लेकरू हाय! सांभाळा! लेकरू!" असं म्हणत माणसं तिला एकेक हात पुढं देत गेली. प्रत्येक जण तिला नीट धरी, खालच्याला नीट दिसे तोवर सोडत नसे. त्यामुळं ती फार हळू चालली होती. मान वळत नव्हती, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला लाल कुंची दिसत होती, डोक्यांवरून खाली जाणारी. वळणाशी ती कड्याआड गेली आणि दिसेनाशी झाली.

आईनं आपलं लेकरू स्वतःच्या हातानं परक्यांच्या हातात दिलं. दुसरं काही करता आलं नसतं, हे मला कळत होतं. पण कळून काय होतं? मी तिथंच अडकले होते, हात वर केलेले ते खालीही घेता येईनात.

तेवढ्यात सासूबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. त्यांचे पाय पायरीला लागत नव्हते, लोकांच्या दाबानंच त्या उभ्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले. म्हणाल्या, "शकुन, पोट्टी कुठीसा गेली?"

"गेली खाली. सुखरूप गेली, आत्याबाई. तुमी श्वास घ्या."

"येत नाई वं."

उतारावरची एक बल्ली कडकडली. तिकडच्या बाया किंचाळल्या. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "मागं सरा! मागं सरा हो!" माझ्या खालचा तो गुराखी म्हणाला, "मी कसा सरू, मागचे ढकलून राहिले." त्याच्या मागचा म्हणाला, "मागचेच ढकलून राहिले." प्रत्येकाच्या मागं कोणीतरी मागचा होता. जो खरा शेवटचा, तो ओढ्याजवळ उभा होता. त्याला वाटत होतं, थोडा जोर लावला की आपलंही दर्शन होईल. त्याच्यापर्यंत "मागं सरा" पोचणार नव्हतं. पोचलं तरी तो ऐकणार नव्हता. दर्शनाला आलेल्या माणसाला मागं सर म्हटलं की तो दुप्पट पुढं येतो.

मी बाजारात वाढलेली. बाजार हटवायला पोलीस लागत नाही हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. वजनमापं तपासणारा साहेब आला अशी नुसती कुजबूज झाली की पाच मिनिटांत ताजवे गायब होतात. हुकूम कोणी ऐकत नाही, बातमी सगळे ऐकतात. आणि त्या दिवशी सकाळी तुरीच्या वावरातून वाकून जाणाऱ्यांची रांग मी डोळ्यांनी पाहिली होती, कारण त्या रांगेत मी होते.

मी गुराख्याला म्हणाले, "भाऊ, वर दार काहून लावलं, मालूम हाय का?"

"काहून?"

"देवळाच्या दारात सुई टोचून राहिले. टोचल्याबिगर दर्शन नाई. सांगा मागं."

त्याचा चेहरा पडला. "खरंच का वं?"

"वरून सांगत आले. सांगा मागं!"

त्यानं मागं सांगितलं. मागच्यानं त्याच्या मागं. "सुई", "सुई", "सुई", असा शब्द पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेला. जाता जाता तो वाढला असणार, कारण पुढं मला कळलं की वळणापर्यंत त्याचे चार डॉक्टर झाले होते आणि पायथ्याला पोचेपर्यंत सुईचं दाभण. कोणी म्हणालं, वरचं झालं की बंड्याबंड्यांवर जाऊन टोचणार आहेत. हे मी बोललेच नव्हते.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाठीमागचा दाब एकदा हलका झाला, परत आला, पुन्हा हलका झाला. माझी टाच पायरीला लागली. एक श्वास पुरता आत गेला. सासूबाई खाली घसरायला लागल्या तशी मी त्यांना धरलं, आणि धरता आलं, म्हणजे हात हलवायला जागा झाली होती. खालून वाट मोकळी होत वर येत होती. आम्ही पायरी पायरीनं बसत, सरकत उतरलो. कोणी मेलं नाही. दोघी-तिघींचे हात मोडले, एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, पण जीव कोणाचा गेला नाही. इतकी वर्षं झाली, मी खोटं बोलले याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. त्यानंतर जे झालं त्याचा मात्र घाम अजून फुटतो.

पायथ्याशी आले तर पायथा रिकामा. फुटक्या नारळाची शकलं, वहाणा, एक सुटलेलं पागोटं. माणूस नाही. मी तिथंच उभी राहून चारी दिशांना पाहिलं. ज्यांच्या हातांवरून माझी पोरगी उतरली ते सगळे हात पळाले होते. अफवेला हात लागत नाहीत, ती धावते. लेकराला हात लागतात, ते हळू जातं. माझी बातमी माझ्या लेकराच्या पुढं निघून गेली होती, आणि वच्छला खाली पोचायच्या आत मीच ती गर्दी मोडली होती.

एक बाई पोराला ओढत समोरून पळत आली आणि मलाच म्हणाली, "अवो बाई, वर नोका जाऊ! दाभणानं टोचून राहिले!"

"लाल कुंचीचं लेकरू पाह्यलं का?"

"मी काई नाई पाह्यलं बाप्पा!" आणि ती गेली.

सासूबाईंना हाताला धरून बंडीपर्यंत आणलं. वच्छलेचे बाप उठून उभे राहिले. त्यांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या रिकाम्या कडेकडं पाहिलं.

"पोट्टी?"

मी सांगितलं. हूल मी उठवली हेही सांगितलं. पायात वहाणही न घालता ते परतवाड्याच्या रस्त्यानं धावत सुटले. सासूबाई बंडीच्या चाकाला टेकून बसल्या आणि कपाळावर हात मारून घेऊ लागल्या. "म्या केलं. म्याच नेलं तिले." त्यांना समजवायलाही माझ्याकडं वेळ नव्हता.

सगळी जत्रा उठली होती. माणसं अर्धे भाजलेले रोडगे गोवऱ्यांत सोडून बैल जुंपत होती. ओढ्याला उतार एकच, बंड्या शेकड्यांनी, त्यामुळं तिथं दुसरी गर्दी झाली. मी त्या बंड्यांमध्ये शिरले. चाकांच्या मधून, बैलांच्या शिंगांखालून जाई, पोतं उचलून आत डोकावे. "लेकरू हाय का? लाल कुंचीचं?" लोक आत लपवल्यासारखी पोरं छातीशी ओढून घेत. मी ओरडले, "थांबा! जरा थांबा!" आणि कोणीतरी म्हणालं, "हे तंबूवाल्याईची बाई हाय! लेकरं पाहून राहिली टोचाले!" झालं. ज्या बंड्या हळू चालल्या होत्या त्यांनीही बैलांना तुतारीची आर टोचली. मी जितकं थांबा म्हणे तितके ते पळत. माझंच खोटं माझ्यावर उलटलं होतं. त्यातून सुटायला वाट नव्हती. हूल खोटी होती असं मी ओरडून सांगितलं, तेही कोणी मानलं नाही. म्हणाले, फसवून थांबवून राहिली.

एका बंडीच्या आसाशी माझं लुगडं अडकलं. ते फाडून मी बाजूला झाले आणि चिखलात बसले. पुढं गेलेल्या बंड्या मोजता येत नव्हत्या. त्यांतल्या एकीत माझी पोरगी असेल, कोणाच्या तरी मांडीवर, आणि त्यांना ती कोणाची हे माहीत नसेल. अकरा महिन्यांचं लेकरू काय सांगणार? गावाचं नाव नाही, बापाचं नाव नाही. कोणी चांगलं असेल तर वाढवील. कोणी नसेल तर? याच्यापुढं मला विचार करवेना.

एका म्हाताऱ्या शिपायानं मला उठवलं. त्याच्या कपाळाला लागलं होतं, तो त्या पायऱ्यांवरचाच. म्हणाला, "बाई, हरवलेलं लेकरू चौकीत आणतात. चौकीत पाह्यलं का?"

मी पळाले. चौकीत एक टेबल, एक कंदील, आणि एक चुकलेली शेळी. लेकरू नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मागं फिरून पुन्हा ओढ्यावर जावं की रस्त्यानं धावावं, काहीच सुचेना. आणि तेव्हा चौकीच्या मागून रडणं ऐकू आलं. भूक लागल्यावरचं, मधूनच उचकी देणारं. ते मी हजारात ओळखलं असतं.

ते तंबूतून येत होतं. त्या तंबूत मी पाहिलंच नव्हतं. कोण पाहील? सगळी जत्रा ज्या जागेपासून पळत होती, तिथं कोण जाऊन बसेल?

कनातीचा पडदा मी जवळजवळ फाडलाच. आत ओमप्रकाश कंपाउंडर स्टुलावर बसून वच्छलेपुढं एक रिकामी बाटली हलवत होता, आणि एका साठीच्या बाईच्या मांडीवर माझी पोरगी बसून त्या बाटलीवर रुसून रडत होती. कुंची थोडी तिरकी झाली होती. बाकी बोटालाही ओरखडा नाही. मी तिला घेतलं आणि खाली बसले. अंगावर घेतलं तेव्हा ती गप झाली. मी लाज सोडून मोठ्यानं रडले.

त्या बाईनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "माय तूच होय ना? चेहरा सारखाच हाय. मी पार्बताबाई. पथरोटाकडची."

"मावशी, तुमच्या हातात कशी आली?"

"मी सगळ्यात मांगं होती. माह्या पुतन्यासंग आलती. समोरच्यानं माह्या हातात दिली अन् मी मांगं देऊ म्हनून वळली, त मांगं कोनीच नाई. सगळे पळून राहिलेले. ज्यानं देल्ली तोबी पळाला. माहा पुतन्या बंडीवरून ओरडे, काकू, ठेव ते लेकरू अन् ये. ठेवू कुठं? दगडावर?" तिनं डोळे पुसले. "तो गेला. बंडी घेऊन गेला."

"मंग इथीसा काहून आल्या? सुईच्या तंबूत?"

"मी इचार केला. सुईले भेऊन सगळे पळतीन. कोनी थांबनार नाई, कोनी या बाजूले फिरकनार नाई. पन लेकराची माय पळनार नाई. तिले सुईचं काय भेव? ती शोधत शोधत सगळ्यात शेवटी इथीसाच येईन." ती जरा ओशाळून हसली. "मले भेव लय वाटे. पन इथं बसाचं त टोचून घ्या लागन, असं वाटलं. हे सुईवाले बावाजी काई म्हनाच्या आधीच म्या हात पुढं केला. म्हनलं टोचा, पन लेकराची माय येईपर्यंत मले इथं बसू द्या."

ओमप्रकाश म्हणाला, "मैं तो बैठने ही देता था, माय. आज सुबह से पहली यही आई."

तिनं पदर सरकवला. दंडावर सुजलेली टिकली होती, तिच्याभोवती लाल. हात ती मांडीवर जपून धरून बसली होती. अंगाला कसकस सुरू झाली असावी, कारण डोळे पाणावलेले होते.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पोरगी माझ्या छातीशी होती, हूल कोणी उठवली हे कोणाला कळणार नव्हतं. पण ज्या बाईनं माझ्या खोट्याला खरं मानून, त्या खोट्याच्याच दारात, घाबरत घाबरत हात पुढं केला, तिच्यासमोर गप्प बसणं माझ्याच्यानं झालं नाही.

मी म्हणाले, "मावशी, वर सुई नोतीच. दाभण नोतं, डॉक्टर नोता. लोकं दबून मरत होते म्हनून म्या उठवलं. मीबी सुईले भेते. सकाळी तुरीतून चोरून गेलती."

ओमप्रकाशनं बाटली खाली ठेवली. पार्बताबाईनं आपल्या सुजलेल्या दंडाकडं पाहिलं. मला वाटलं आता ती चौकीवर जाऊन सांगेल, आणि सांगितलं तरी माझी ना नव्हती.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी उगाच टोचून घेतली का वं?"

"उगाच नाही माय," कंपाउंडर घाईघाईनं म्हणाला, "हैजा से बचोगी तुम—"

"तू चूप रे." ती माझ्याकडं वळली. "अन् तू नाई घेतली?"

"नाई."

पार्बताबाईनं आपल्या बऱ्या हातानं वच्छलेला माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं, नीट, कुंची सरळ करून.

"मंग काढ दंड," ती म्हणाली. "म्या तुही वाट पाह्यली. आता तू माह्याजवळ बस."

मी चोळीची बाही वर सरकवली. ओमप्रकाशनं स्पिरिटचा बोळा लावला, तो बर्फासारखा गार होता. मी डोळे मिटले नाहीत. पार्बताबाईकडं पाहत बसले, आणि ती माझ्या पोरीला थोपटत माझ्याकडं.